छक्का ३० वेळा आला, म्हणजे फासा खोटा का?

प्रश्न: मी कोल्हापुरात नववीला गणित शिकवते. वर्गातल्या ४० मुलांनी एकच फासा प्रत्येकी तीन वेळा टाकला, फळ्यावर ताळ्याच्या खुणा केल्या आणि तास संपताना मी मोबाइलवर फळ्याचा फोटो काढला. घरी फोटोवरून मोजले, तर १ ते ६ साठी अनुक्रमे १३, २३, १७, १९, १६ आणि ३० आले. बेरीज ११८ होते. पुस्तकाप्रमाणे प्रत्येक बाजू २० वेळा यायला हवी होती. फासा खोटा आहे, माझी मोजणी चुकली आहे, की असे होतच असते? मुलांना काय सांगू? फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर:

मोजणी दोन खुणांनी चुकली आहे. त्यांपैकी एक निश्चित सापडते आणि दुसरी बहुधा सापडते. ती दुरुस्त केल्यावर छक्क्यांची संख्या आणखी वाढून ३१ होते. तरीही एवढ्यावरून फासा खोटा ठरवता येत नाही, आणि तो खरा आहे असेही म्हणता येत नाही. १२० वेळा टाकून जेवढे कळू शकते त्याच्या काठावर आपले आकडे उभे आहेत. हे कसे, ते क्रमाने पाहू. पण आधी फोटो, कारण खुणा पक्क्या झाल्याशिवाय संभाव्यतेशी तुलना करण्यात अर्थ नाही.

फळा आता पुसला गेला असल्यामुळे फोटो हीच आपली मूळ नोंद आहे. आपण तो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला आहे, त्यामुळे त्याचा आकार कमी होऊन बारीक रेषा एकमेकींत मिसळल्या आहेत. फोनमधली मूळ प्रत उघडून ती मोठी करून पाहावी, आणि कोणाला पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो एका बाजूने तिरका घेतलेला आहे, म्हणून डावीकडच्या खुणा मोठ्या आणि सुट्या दिसतात, तर उजवीकडच्या लहान आणि दाटीवाटीच्या. त्यातच खालच्या उजव्या कोपऱ्यात खिडकीच्या उजेडाची चकाकी आली आहे, आणि सहाची ओळ नेमकी त्या चकाकीत संपते.

त्या ओळीकडे नीट पाहा. आडव्या रेघेसह पूर्ण झालेले पाच गठ्ठे स्पष्ट आहेत. त्यांच्या पुढे चार उभ्या रेघा दिसतात, मग थोडी जागा सोडून एक सुटी उभी रेघ आहे. आपण हे पंचवीस, चार आणि एक असे मिळून ३० धरले. परंतु ताळ्याच्या खुणा करणारा चार रेघांचा गठ्ठा अर्धवट टाकून पुढचा गठ्ठा सुरू करत नाही. पाचवी खूण आडवी मारून गठ्ठा बंद केल्यावरच तो पुढे सरकतो. सुटी रेघ जागा सोडून पुढे उभी आहे, याचाच अर्थ आधीचा गठ्ठा बंद झालेला होता आणि त्याची आडवी रेघ चकाकीत बुडाली आहे. फोटोचा उजेड कमी करून आणि कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिल्यास त्या रेघेचे खालचे टोक पहिल्या उभ्या रेघेच्या डाव्या बाजूस पुसटसे दिसते. म्हणून सहाची वारंवारता ३१.

आता बेरीज ११९ झाली. उरलेली एक खूण मला एकच्या ओळीत असावी असे वाटते. तेथे दोन पूर्ण गठ्ठे आहेत, पुढे तीन ठळक रेघा आहेत आणि त्यांच्यानंतर एक फिकट रेघ आहे. ती खूण आहे की आधीच्या तासाचे नीट न पुसले गेलेले काही, हे फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात फळा दमट असतो आणि खडू धड उमटत नाही, तेव्हा खरी खूणही अशीच फिकट दिसू शकते. तिच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: तिची उंची आणि झुकाव शेजारच्या तीन रेघांशी जुळतो, आणि ती धरली की बेरीज बरोबर १२० होते.

यातल्या दुसऱ्या कारणाबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. ४० मुले गुणिले तीन हा आकडा खुणांपासून स्वतंत्रपणे आला आहे, म्हणून तो पडताळ्यासाठी उत्तम आहे. पण पडताळा चूक आहे एवढेच सांगतो. चूक कोणत्या ओळीत आहे ते सांगत नाही. बेरीज जमावी म्हणून कोणत्याही ओळीत एक खूण वाढवणे म्हणजे आकडे शिजवणे होय. ज्या खुणेला फोटोत काहीतरी आधार आहे तीच धरावी, आणि शंका उरली असेल तर गणित दोन्ही प्रकारे करून निष्कर्ष बदलतो का ते पाहावे. मी पुढे तसेच केले आहे.

बेरीज थोडीशी नव्हे तर बरीच चुकत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. काही मुले पाच उभ्या रेघा मारून मग सहावी आडवी मारतात. असे गठ्ठे आपण पाच-पाचचे धरून मोजले, तर १२० च्या जागी बेरीज शंभराच्या थोडी वर येऊन थांबते. तेव्हा कोणत्याही एका गठ्ठ्यातल्या उभ्या रेघा मोजून पाहाव्यात. आपल्या फोटोत गठ्ठे चार उभ्या आणि एक आडवी असेच आहेत.

म्हणजे हाती आले: १ चौदा वेळा, २ तेवीस, ३ सतरा, ४ एकोणीस, ५ सोळा आणि ६ एकतीस वेळा, एकूण १२०.

आता तुलनेकडे येऊ. प्रत्येक बाजूची संभाव्यता १/६ आहे, हे आपण फासा टाकून शोधलेले नाही. सहा बाजूंपैकी एकीलाही झुकते माप नाही असे गृहीत धरून ते आले आहे. त्या गृहीतकानुसार १२० वेळा टाकल्यास अपेक्षित वारंवारता २० येते, पण याचा अर्थ प्रत्येक बाजू २० वेळा यायला हवी असा नाही. पुष्कळ वर्गांनी हाच प्रयोग केला, तर त्यांची सरासरी २० च्या आसपास राहील, एवढाच त्याचा अर्थ. एका वर्गात सहाही बाजू नेमक्या वीस-वीस वेळा येण्याची संभाव्यता काढली तर ती लाखात एखाद-दुसरी निघते. म्हणून एखाद्या मुलाने घरून २०, २०, २०, २०, २०, २० असा तक्ता करून आणला, तर त्याच्या फाशाऐवजी त्याच्या वहीवर शंका घ्यावी.

तेव्हा विचारायचे ते असे: चांगला फासा २० पासून साधारणपणे किती भरकटतो? एका बाजूसाठी याचे माप प्रमाण विचलन देते. फेकींची संख्या, त्या बाजूची संभाव्यता आणि ती बाजू न येण्याची संभाव्यता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. १२० गुणिले १/६ गुणिले ५/६ म्हणजे सुमारे १६.७ आणि त्याचे वर्गमूळ ४.१. म्हणजे १६ ते २४ मध्ये पडणारी वारंवारता ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि १२ ते २८ च्या बाहेर एखादी ठरावीक बाजू जाणे हे विरळा आहे.

या मापाने पाहिल्यास २३, १७, १९ आणि १६ यांच्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही. १४ देखील आत आहे. ३१ बाहेर आहे. ते अपेक्षेपेक्षा ११ ने, म्हणजे प्रमाण विचलनाच्या २.७ पट दूर आहे. आधीच ठरवून एखाद्या बाजूकडे लक्ष ठेवले असते, तर चांगल्या फाशात ती ३१ किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता हजारात सातच्या आसपास आहे.

अनेक शिक्षक येथेच थांबतात आणि फासा खोटा असे जाहीर करतात. पण आपण सहाकडे आधीपासून लक्ष ठेवलेले नव्हते. तक्ता पाहिल्यावर जी बाजू सर्वांत उंच दिसली ती आपण उचलली. सहा बाजूंपैकी कोणती तरी एक सर्वांत पुढे असणारच. १२० फेकींत चांगल्या फाशाचीही सर्वांत जास्त आलेली बाजू सरासरीने २५–२६ वेळा येते आणि सर्वांत कमी आलेली १४–१५ वेळा. हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण ते कळले की आपल्या तक्त्यातला १४ हा आकडा अजिबात आश्चर्याचा राहत नाही. तो सर्वांत कमी आलेल्या बाजूचा नेहमीचाच आकडा आहे. कोणती का असेना, एक बाजू ३१ किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता हजारात सात नसून त्याच्या सुमारे सहापट, म्हणजे शंभरात चार आहे. ती लहान आहे, पण अशक्य कोटीतली नाही.

सहाही बाजू एकत्र तपासण्यासाठी काय-वर्ग कसोटी आहे. नववीच्या मुलांना ती शिकवायची नसली, तरी आपल्याला ती हाताने करून पाहता येते. प्रत्येक बाजूचा २० पासूनचा फरक घ्यावा: उणे ६, ३, उणे ३, उणे १, उणे ४ आणि ११. फरकांची बेरीज शून्य येते का ते आधी पाहावे; आली नाही तर वजाबाकी चुकली आहे. वर्ग केले की ३६, ९, ९, १, १६ आणि १२१ मिळतात, त्यांची बेरीज १९२. तिला अपेक्षित वारंवारतेने, म्हणजे २० ने भागले की ९.६ हे काय-वर्गाचे मूल्य येते. पाच बाजूंच्या वारंवारता ठरल्या की एकूण संख्येमुळे सहावी आपोआप ठरते, म्हणून स्वातंत्र्य मात्रा पाच. कोष्टकात पाचसाठी ५ टक्के पातळीचे, म्हणजे चांगल्या फाशाकडून शंभरात पाचच वेळा ओलांडले जाणारे, मूल्य ११.०७ आहे. ९.६ त्याच्या खाली आहे. चांगल्या फाशानेही एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरापैकी आठ-नऊ वेळा पडतो.

यातही १२१ एकट्या सहाचे आहेत, म्हणजे १९२ पैकी जवळजवळ दोन-तृतीयांश. बाकी पाच बाजू मिळून ७१ देतात. फासा खरोखर बिघडलेला असेल तर बिघाड सहाच्या बाजूने शोधायचा, एवढा सुगावा यातून मिळतो.

फिकट रेघेचे काय? ती न धरता, म्हणजे एक १३ वेळा आणि एकूण ११९ घेऊन हेच गणित केले, तर मूल्य १०.३ येते. आपल्या मूळ ११८ च्या मोजणीने ते ९.३ येते. तिन्ही मूल्ये ११.०७ च्या खालीच राहतात, म्हणून त्या एका रेघेवर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. मूल्य ११.०७ च्या दोन्ही बाजूंना पडले असते, तर मात्र फोटो पुन्हा उघडावा लागला असता, आणि तरीही उलगडा न झाल्यास प्रयोगच पुन्हा करावा लागला असता.

मुलांना हे काय-वर्गाशिवाय दाखवायचे असेल, तर शाळेच्या संगणक कक्षात एक तास पुरतो. स्प्रेडशीटमध्ये A1 ते A120 या घरांत पहिले सूत्र भरावे, B1 ते B6 मध्ये दुसरे आणि C1 मध्ये तिसरे.

```
=RANDBETWEEN(1,6)
=COUNTIF($A$1:$A$120,ROW())
=MAX(B1:B6)
```

हा संगणकातला फासा झाला आणि त्याची एकही बाजू जड नाही. F9 दाबले की १२० नव्या फेकी पडतात. प्रत्येक मुलाने एकदाच दाबून C1 मधला आकडा, म्हणजे सर्वांत जास्त आलेल्या बाजूची वारंवारता, फळ्यावर लिहावी. चाळीस आकडे झाले की बहुतेक २३ ते २८ च्या दरम्यान दाटलेले दिसतील, आणि एखाद-दुसरे मूल ३१ किंवा त्याहून मोठा आकडा घेऊन येईल. कधी एकही येणार नाही, तर कधी तिघे येतील. आपल्या वर्गाच्या फाशाचा ३१ त्या गर्दीत कोठे बसतो हे मुलांना डोळ्यांनी दिसते, आणि शंभरात चार म्हणजे किती विरळ याचा अंदाज सूत्राशिवाय येतो. एक दक्षता घ्यावी: आवडता आकडा येईपर्यंत F9 दाबत बसणारी मुले असतातच, म्हणून दाबल्यावर लगेच लिहून घ्यावे.

आता फाशाकडे आणि तो टाकणाऱ्यांकडे वळू. फासा निर्दोष असूनही छक्के वाढण्याचे एक कारण मी वर्गात पुष्कळदा पाहिले आहे, ते म्हणजे नोंद करण्यातला पक्षपात. लुडो खेळून मोठी झालेली मुले सहा पडला की ओरडतात, आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या मुलाकडून त्याची खूण कधीच राहत नाही. तीन किंवा पाच पडला तर कोणी ओरडत नाही. तेवढ्यात फळ्याजवळचा मुलगा कोणाशी बोलत असेल तर ती खूण राहून जाते. अशा वेळी सहाचा आकडा बरोबर असतो, इतर आकडे कमी पडतात आणि बेरीज १२० पेक्षा बरीच खाली येते. आपली बेरीज १२० किंवा ११९ येत असल्यामुळे हे कारण येथे जवळजवळ बाद होते. बेरजेचा पडताळा किती कामाचा असतो, ते येथे दिसते.

बेरजेत न सापडणारा पक्षपात वेगळा आहे. फासा बाकावरून खाली पडला किंवा दप्तराला टेकून तिरका राहिला, तर तो धरायचा की पुन्हा टाकायचा हे आधी ठरले नसेल, तर निर्णय त्या क्षणी घेतला जातो. खाली पडलेला सहा असेल तर मुले तो धरा म्हणतात. दोन असेल तर पुन्हा टाकू द्या म्हणतात. बेरीज १२० च राहते आणि छक्के मात्र वाढतात. असे तीन-चारदा झाले असेल, तरी ३१ चे खरे २७–२८ असू शकतात, आणि मग बोलण्यासारखे काही उरतच नाही. त्या दिवशी असे काही झाले होते का, हे मुलांनाच विचारावे, ती सांगतात.

फाशाचे स्वतःचे दोष मुख्यतः दोन प्रकारचे असतात, आणि तक्त्यात त्यांचे ठसे वेगवेगळे उमटतात. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, म्हणजे सहाच्या पाठीमागे एक असतो. महाद्वार रोडवर लुडोच्या डब्यात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या फाशावर ठिपके खळग्यांचे असतात. सहाच्या बाजूला सहा खळगे असल्यामुळे तेथील प्लास्टिक थोडे कमी असते, एकच्या बाजूला थोडे जास्त. जड बाजू खाली बसण्याकडे कल असतो, म्हणून सहा वर येण्याकडे कल असतो. अशा फाशात सहा वाढतो आणि त्याच वेळी एक घटतो. दुसरा दोष मापाचा आहे: फासा एक आणि सहा यांच्या दिशेने किंचित चपटा असेल, तर या दोन बाजू इतरांपेक्षा रुंद पायासारख्या होतात आणि दोन्ही वाढतात.

आपल्या तक्त्यात सहा ३१ आणि एक १४ आहे. हे पहिल्या दोषाशी जुळणारे चित्र आहे, दुसऱ्याशी नाही. मात्र १४ हा आकडा निर्दोष फाशातही सहज येतो हे वर पाहिलेच आहे, म्हणून या जुळण्याला पुरावा म्हणू नये. पुढे काय तपासायचे त्याची ती दिशा आहे. चपटेपणा पाहायचा असेल, तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घेऊन १–६, २–५ आणि ३–४ अशी तीन अंतरे मोजावीत. त्याने ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. वजनाचा असमतोल पाहण्यासाठी ग्लासभर पाण्यात विरघळेल तेवढे मीठ घालावे. हलक्या प्लास्टिकचा फासा बहुधा तरंगतो. बोटाने पाण्यातच उलटसुलट फिरवून सोडल्यावर तो दर वेळी सहाच वर करून स्थिरावला, तर असमतोल आहे. पण तो टाकताना किती परिणाम करतो ते पाणी सांगत नाही. त्यासाठी फासा पुन्हा टाकावाच लागतो.

पुन्हा टाकताना जुन्या १२० फेकी त्यात मिळवू नयेत. सहा जास्त येतो ही शंका त्या फेकींनीच निर्माण केली आहे. त्याच फेकी पुराव्यात घेतल्या तर फिर्यादीच साक्षीदार होतो. नवी मालिका सुरू करण्याआधी प्रश्न लिहून ठेवावा: सहाची संभाव्यता १/६ पेक्षा जास्त आहे का? आता बाजू आधीच ठरलेली असल्यामुळे सहापट करण्याची भानगड उरत नाही, आणि कसोटी धारदार होते.

६०० फेकी कराव्यात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या १५. तोच फासा वापरावा. वेळ वाचावा म्हणून चार-पाच फासे वर्गात वाटण्याचा मोह होईल, पण मग या फाशाचा दोष इतरांच्या फेकींत विरून जातो आणि उत्तर कोणत्याच फाशाचे मिळत नाही. फासा स्टीलच्या पेल्यात हलवून ताटात टाकावा, कारण हातातून अलगद सोडलेला फासा पुरेसा फिरत नाही आणि आधी वर असलेली बाजू टिकून राहू शकते. ताटाबाहेर गेलेला किंवा तिरका राहिलेला फासा, कोणतीही बाजू वर असो, धरायचा नाही, हा नियम पहिल्या फेकीआधी सांगावा. एकाने आकडा मोठ्याने वाचावा, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर नोंद करावी, आणि खुणा करण्याऐवजी आकडेच क्रमाने लिहावेत. क्रम हाती असला की कोठे काय राहिले ते शोधता येते. ताळ्याच्या खुणांत तो क्रम कायमचा हरवतो. फोटो काढायचाच असेल, तर समोरून, कागद सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून आणि चारही कोपरे चौकटीत घेऊन काढावा, आणि कागद फाडण्याआधी बेरीज करावी.

६०० फेकींत सहा १०० वेळा अपेक्षित आहे आणि प्रमाण विचलन ९.१ आहे. सहा ११६ किंवा अधिक वेळा आला, तर ५ टक्के पातळीवर फासा सहाकडे झुकतो असे म्हणता येईल. पहिल्या मालिकेतला ३१/१२०, म्हणजे २६ टक्के, हाच फाशाचा खरा कल असेल, तर आकडा १५५ च्या आसपास येईल आणि शंकेला जागाच राहणार नाही. कल २० टक्के असेल तर १२० च्या आसपास येईल, आणि तीनपैकी दोन वेळा तो आपल्या जाळ्यात सापडेल. कल साडेसतरा टक्के असेल तर अपेक्षा १०५ ची, म्हणजे नेहमीच्या चढउतारात हरवून जाणारी. एवढा बारीक दोष ६०० फेकींना दिसत नाही. म्हणून १०३ किंवा ११० आला तर फासा निर्दोष असे लिहू नये. दोष असलाच तर तो मोठा नाही, असे लिहावे.

येथे मुलांचा एक गैरसमज हमखास डोके वर काढतो. फेकी वाढवल्या की फरक कमी होतो असे ती म्हणतात, आणि ६०० फेकींत ११ ऐवजी १५ चा फरक पडला की गोंधळतात. फरकाचा आकडा वाढतच जातो. कमी होतो तो गुणोत्तरातला फरक. १२० फेकींत एका बाजूचा नेहमीचा चढउतार सुमारे ४ आहे, १२,००० फेकींत तो सुमारे ४१ असतो. पण ४.१ भागिले १२० म्हणजे ०.०३४ आणि ४१ भागिले १२,००० म्हणजे ०.००३४. फेकी शंभरपट केल्या, तर फरक दहापट झाला आणि गुणोत्तरातला फरक दहावा हिस्सा राहिला. सापेक्ष वारंवारता १/६ कडे जाते ती अशा संथ गतीने.

खरोखर बारीक दोष पकडायला किती फेकी लागतात, याचे एक जुने उदाहरण आहे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १२ फाशांच्या २६,३०६ फेकींची नोंद जमवली, म्हणजे सर्व फाशांचे मिळून ३,१५,६७२ निकाल. त्यांत ५ किंवा ६ एकूण १,०६,६०२ वेळा आला. हे प्रमाण ०.३३७७ आहे, तर अपेक्षित १/३ म्हणजे ०.३३३३. फरक हजारात चार-साडेचार एवढाच, पण इतक्या फेकींसाठी तो प्रमाण विचलनाच्या पाचपटीहून मोठा आहे. कार्ल पिअरसन यांनी १९०० साली काय-वर्ग कसोटी मांडली तेव्हा उदाहरणांत हे आकडे घेतले होते, आणि झुकाव ५ व ६ या जास्त खळग्यांच्या बाजूंकडेच होता. आपल्या फाशात दोष असेल आणि तो याच जातीचा व एवढाच बारीक असेल, तर शाळेच्या तासिकांत तो सापडणार नाही.

वहीत नोंद करताना मुलांनी पहिल्या मालिकेखाली ‘फासा खोटा’ किंवा ‘फासा खरा’ यांपैकी काहीच लिहू नये. सहाही वारंवारता, त्यांची सापेक्ष रूपे, १/६ = ०.१६७ शी असलेले फरक, फोटोतल्या ज्या एका रेघेबद्दल शंका आहे तिचा उल्लेख, आणि ‘सहाबाबत नवी मालिका आवश्यक’ हे वाक्य एवढे पुरे. ६०० फेकींचा तक्ता तयार झाला की कागद माझ्याकडे पाठवावेत, आणि या वेळी शक्यतो डॉक्युमेंट म्हणून.